गुणपत्रिका न जोडलेल्या अर्जदारांना गेलेलं त्रुटीपत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.कॉम. भाग 1 च्या प्रवेशासाठी आलेल्या अर्जांची छाननी झाली की, ज्यांच्या अर्जासोबत तृतीय वर्षाची (पाचव्या व सहाव्या सत्राची) गुणपत्रिका नाही त्यांना कार्यालयाकडून एक पत्र जातं. पत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापासून फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे उत्तरं त्या विद्यापीठाच्या पद्धतीला धरून आहेत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांनी प्रश्न 12 आधी वाचावा.

1. पत्र आलं म्हणजे माझा अर्ज रद्द झाला का?

नाही. अर्ज रद्द झाला असता तर पत्र पाठवायची गरजच नव्हती. या पत्राला आम्ही त्रुटीपत्र म्हणतो. अर्ज आमच्याकडे आहे, त्याला क्रमांक पडलेला आहे, पण यादी लावताना तो बाजूला ठेवावा लागेल असा त्याचा अर्थ. कागद आला की अर्ज त्याच क्रमांकाने परत रांगेत येतो. नवा अर्ज भरू नका. दरवर्षी काही जण घाबरून दुसरा अर्ज भरतात, मग एकाच नावाचे दोन अर्ज होतात आणि कोणता खरा हे ठरवण्यात आमचा आणि त्यांचाही दिवस जातो.

2. पत्रातली भाषा कळत नाही. मला नेमकं काय करायचं आहे?

पत्राचा मजकूर असा असतो :

> जा. क्र. पदव्युत्तर/प्रवेश/118
> दि. 24 जून
>
> विषय : एम.कॉम. भाग 1 प्रवेश अर्जातील त्रुटींची पूर्तता करणेबाबत
> संदर्भ : आपला अर्ज क्र. 0347
>
> उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या संदर्भीय अर्जासोबत तृतीय वर्ष बी.कॉम. सत्र 5 / ~~सत्र 6~~ ची गुणपत्रिका आढळून आली नाही. सबब आपला अर्ज अपूर्ण आहे. तरी सदर गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत सोमवार, दि. 30 जून रोजी सायंकाळी 5.00 वाजेपर्यंत कार्यालयात सादर करावी. विहित मुदतीत पूर्तता न झाल्यास आपल्या अर्जाचा पहिल्या गुणवत्ता यादीसाठी विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

यातल्या तीन गोष्टी पेनाने अधोरेखित करा. पहिली, अर्ज क्रमांक. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर उजव्या कोपऱ्यात तो लिहिलात तर कागद तुमच्याच फाइलला लागेल. दुसरी, सत्र. ‘सत्र 5 / सत्र 6’ पैकी एक खोडलेलं असतं. वरच्या नमुन्यात सहावं खोडलंय, म्हणजे सहाव्याची गुणपत्रिका पोचली आहे, पाचव्याची हवी आहे. निम्मे अर्जदार खोडाखोड न बघता पुन्हा सहाव्याचीच आणून देतात. तिसरी, तारीख आणि वेळ.

‘साक्षांकित’ म्हणजे ही प्रत मुळाशी ताडून पाहिली असं सांगणारी सही. आमच्याकडे स्वसाक्षांकन चालतं. झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीनुसार सत्यप्रत’ असं लिहून तुम्हीच सही व तारीख टाकायची. त्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरू नका.

3. मी गुणपत्रिका जोडली होती, नक्की जोडली होती. तरी पत्र का आलं?

यावर आम्ही वाद घालत नाही, फाइल काढून दाखवतो. फाइल काढल्यावर बहुतेक वेळा खालीलपैकी काहीतरी निघतं.

सगळ्यात जास्त वेळा गुणपत्रिकेच्या जागी परीक्षेचं हॉल तिकीट असतं. दोन्हींवर विद्यापीठाचं बोधचिन्ह, आसन क्रमांक आणि विषयांची यादी असते. मोबाइलवर घाईत फोटो निवडताना चूक होते. त्या खालोखाल चौथ्या सत्राची गुणपत्रिका पाचव्याच्या जागी चढवलेली असते. मग येतो निकालाच्या दिवशीचा स्क्रीनशॉट, त्यात नुसतं ‘पास’ आणि एकूण गुण दिसतात, आसन क्रमांक कापला गेलेला असतो. कधीकधी फोटो इतका अंधारात काढलेला असतो की 6 आहे की 8 ते कळत नाही. अशा आकड्यावर आम्ही अंदाज बांधत नाही, पत्र पाठवतो.

पुन्हा पाठवण्याआधी स्वतः तपासायचं असेल तर ती फाइल मोबाइलवर नाही, संगणकावर उघडा. तुमचं नाव, आसन क्रमांक, सत्र, प्रत्येक विषयाचे गुण आणि तळाची निकालाची ओळ एवढं न वाढवता वाचता आलं पाहिजे. मागच्या बाजूला फक्त श्रेणीचा तक्ता असतो, तो नसला तरी चालतो.

एक शक्यता अशीही आहे की चूक आमची असेल. दोन अर्जांचे कागद एकाच स्टेपलला लागल्याचं आम्ही पाहिलं आहे. तुमच्याकडे अर्ज भरल्याची पोच असेल आणि तिच्यावर जोडलेल्या कागदांच्या यादीत गुणपत्रिकेपुढे खूण असेल, तर ती घेऊन या. आम्ही शोधतो. पण शोधाचा निकाल लागेपर्यंत दुसरी प्रत देऊन ठेवा, कारण यादी शोधासाठी थांबत नाही.

4. सहाव्या सत्राचा निकाल लागलाय, पण छापील गुणपत्रिका अजून कॉलेजात आलेलीच नाही. आता काय देऊ?

ही तुमची चूक नाही आणि याला आम्ही त्रुटी मानत असलो तरी अडवून धरत नाही. ऑनलाइन निकाल लागणं आणि छापील गुणपत्रिका हातात पडणं यात बरेच दिवस जातात.

ऑनलाइन निकालाची पूर्ण पानाची प्रिंट काढा. ती घेऊन तुमच्या आधीच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा आणि तिच्यावर शिक्का व सही घ्या. त्या विभागाकडे निकालाचं गॅझेट असतं, ते पाहून ते सही करतात. ही शिक्का मारलेली प्रिंट आणि सोबत हमीपत्र (प्रश्न 9 पाहा) दिलंत की अर्ज यादीसाठी पूर्ण धरला जातो. बिनशिक्क्याची प्रिंट आम्ही घेत नाही. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नाही, तर पीडीएफमधला आकडा बदलायला आता दोन मिनिटंही लागत नाहीत म्हणून.

आधीचं कॉलेज गावाकडे असेल आणि जाणं शक्य नसेल, तर डिजीलॉकर पाहा.

5. डिजीलॉकरमधली गुणपत्रिका चालेल का?

चालेल, पण कोणती ते नीट पाहा. डिजीलॉकरमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत. `Issued Documents` मध्ये येतात ते कागद विद्यापीठाने किंवा मंडळाने थेट त्यांच्या नोंदीतून पाठवलेले. केंद्र सरकारच्या 2016 च्या डिजिटल लॉकरविषयक नियमांत 2017 साली झालेल्या दुरुस्तीनुसार असे कागद मूळ कागदाच्या बरोबरीचे मानायचे आहेत, आणि आम्ही तसे मानतो. दुसरी जागा आहे तुम्ही स्वतः फोटो काढून ठेवायची. तिथला कागद म्हणजे तुमच्या कपाटातली झेरॉक्स. ती डिजीलॉकरमध्ये ठेवली म्हणून तिचं वजन वाढत नाही.

बारावीची गुणपत्रिका डिजीलॉकरवर मिळाली म्हणून पदवीच्या सगळ्या सत्रांचीही मिळेलच असं नाही. विद्यापीठाने ज्या सत्राची नोंद भरली आहे तेवढीच दिसते. मिळाली तर पीडीएफ उतरवून आम्हाला ईमेलने पाठवा. प्रिंट काढून, तिचा फोटो काढून, तो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. या प्रवासात पीडीएफमधली डिजिटल सही नाहीशी होते आणि क्यूआर कोडही बऱ्याचदा वाचता येत नाही.

6. अर्जात मी टक्के लिहिलेत. यादीला तेवढे पुरेसे नाहीत का? गुणपत्रिका प्रवेशाच्या वेळी दाखवीनच की.

हा प्रश्न पालक जास्त विचारतात आणि वरवर पाहता तो बरोबर वाटतो. पण अर्जात लिहिलेले टक्के आणि गुणपत्रिकेवरून निघणारे टक्के यांत फरक पडतो, आणि तो बहुतेक वेळा प्रामाणिकपणे पडतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. एका अर्जदाराने 68.83 टक्के लिहिले होते. सत्र 6 ची गुणपत्रिका जोडलेली होती, सत्र 5 ची नव्हती. त्रुटीपत्र गेलं, तो सत्र 5 ची घेऊन आला. सत्र 6 मध्ये 600 पैकी 413 आणि सत्र 5 मध्ये 600 पैकी 391. आमची गुणवत्ता यादी दोन्ही सत्रांच्या एकूण गुणांवर लागते. 413 आणि 391 मिळून 804, म्हणजे 1200 पैकी 67.00 टक्के. त्याने लिहिलेले 68.83 हे फक्त सहाव्या सत्राचे होते. खोटं काही लिहिलं नव्हतं, अर्जातला रकाना त्याने तसा समजून घेतला. पण यादीत 67 आणि 68.83 यांच्यामध्ये कितीतरी मुलं असतात. त्याच्या शब्दावर यादी लावली असती तर त्यांच्यातला कुणीतरी बाहेर राहिला असता.

दुसरी चूक याहून मोठी. गुणपत्रिकेवरच्या सीजीपीआयला दहाने गुणून टक्के लिहायचे. मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत 60 ते 69.99 टक्क्यांना ‘ए’ श्रेणी आणि 8 गुणांक मिळतो. म्हणजे प्रत्येक विषयात साठीत असलेल्या मुलाचा सीजीपीआय 8 येतो, आणि दहाने गुणलं की 80 टक्के! प्रत्यक्षात तो 61 वर असू शकतो. म्हणून आम्ही विषयवार गुण बघून बेरीज स्वतः करतो, आणि त्यासाठी गुणपत्रिका समोर लागते.

7. मुदत 30 जूनची आहे. मी 30 ला कुरिअर केलं तर चालेल?

नाही. 30 जूनला पाचच्या आत कागद आमच्या आवक नोंदवहीत चढलेला हवा. कुरिअरच्या पावतीवरची तारीख आम्ही धरत नाही. ईमेलने पाठवत असाल तर ईमेल पोचल्याची वेळ धरतो, आणि विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक हवाच. नुसतं ‘मार्कशीट’ असा विषय असलेले पन्नास ईमेल एका दुपारी येतात.

मुदतीचा दिवस अचानक सुट्टीचा ठरला (पाऊस, आणखी काही) तर त्यानंतर कार्यालय ज्या दिवशी उघडेल तो शेवटचा दिवस.

8. मुदत चुकली. सगळं संपलं का?

पहिल्या यादीपुरतं, हो. कागद उशिरा आला तरी आम्ही तो घेतो आणि अर्ज त्या दिवसापासून पूर्ण धरतो. पुढची यादी लागेल तेव्हा तुमचं नाव तुमच्या गुणांनुसारच बसतं, उशिराबद्दल गुण कापले जात नाहीत. अडचण इतकीच की पुढच्या यादीत फक्त उरलेल्या जागा असतात. पहिल्या यादीत 64 टक्क्यांवर प्रवेश बंद झाला आणि तुम्हाला 70 असतील, तरी पहिल्या यादीतल्या 64 वाल्याला उठवून तुम्हाला बसवता येत नाही. त्याने वेळेत कागद दिले होते.

प्राचार्यांना भेटून काही होईल का, असं विचारतात. भेटा, पण मुदतीनंतर आलेला अर्ज बंद झालेल्या यादीत घालण्याची मुभा आम्ही कुणालाच दिलेली नाही. आजारपण, घरातलं मृत्युप्रकरण अशी कारणं कागदानिशी असतील तर लेखी द्या. ती पुढच्या यादीच्या वेळी समितीपुढे जातात.

9. हमीपत्रात काय लिहायचं? स्टॅम्प पेपर लागतो का?

लागत नाही. साध्या पांढऱ्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. उलट हाताने लिहिलेलंच बरं, कारण नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात काही जण दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच ठेवतात. ‘माझ्या अमुक सत्राची मूळ गुणपत्रिका अद्याप मिळालेली नाही. ती मिळताच आठ दिवसांत दाखवीन. सोबतच्या प्रतीतील गुण आणि मूळ गुणपत्रिकेतील गुण यांत तफावत आढळल्यास प्रवेश रद्द होईल याची मला जाणीव आहे.’ एवढं, खाली सही, नाव, अर्ज क्रमांक, तारीख. तुम्ही सज्ञान आहात, पालकांची सही गरजेची नाही.

हमीपत्र ऑनलाइन निकालाच्या शिक्क्याच्या प्रिंटसोबतच चालतं. हातात काहीच नसताना नुसतं ‘नंतर देतो’ असं हमीपत्र आम्ही घेत नाही, कारण यादीत बसवायला आकडाच नसतो.

10. माझ्या निकालावर गुण सगळे आहेत, पण शेवटी ‘आर.एल.ई.’ लिहिलंय. ही गुणपत्रिका चालेल का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. ‘आर.एल.ई.’ म्हणजे खालच्या परीक्षेसाठी निकाल राखीव. तुम्ही सहावं सत्र पास आहात, पण पहिल्या ते पाचव्यापैकी कुठल्या तरी सत्राचा एखादा विषय विद्यापीठाच्या नोंदीत अजून सुटलेला दिसत नाही, म्हणून पदवीचा अंतिम निकाल थांबवला आहे.

आता दोन वेगळ्या परिस्थिती असतात, आणि आपली कोणती हे आधी शोधायचं.

पहिली : केटी खरोखरच बाकी आहे. दुसऱ्या सत्राचं गणित राहिलंय, ते पुढच्या परीक्षेत द्यायचं आहे. अशा वेळी तुम्ही अजून पदवीधर नाही आणि एम.कॉम.ला पात्र नाही. गुणपत्रिका आणून दिलीत तरी त्रुटी सुटत नाही. हे कडू आहे, पण आताच कळलेलं बरं. तात्पुरता प्रवेश घेऊन, फी भरून, ऑक्टोबरात पात्रतेच्या टप्प्यावर प्रवेश रद्द झालेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

दुसरी : केटी सुटली आहे, तुमच्याकडे त्या सत्राची पास झाल्याची गुणपत्रिकाही आहे, पण विद्यापीठाला ते माहीत नाही. हे फार वेळा होतं आणि त्याचं कारण साधं आहे. पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा आणि निकाल कॉलेजं करतात, पाचव्या-सहाव्याचे विद्यापीठ करतं. पुरवणी परीक्षेत तुम्ही पास झाल्याची नोंद कॉलेजकडून विद्यापीठाकडे जायची राहिली, की तिकडे तुम्ही नापासच. अशा वेळी एक ते चार सत्रांच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या प्रती घेऊन आधीच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात जा आणि राखीव निकाल मोकळा करण्यासाठी अर्ज द्या. विद्यापीठात परस्पर जाऊन सहसा उपयोग होत नाही, तिथून ‘कॉलेजमार्फत या’ असंच सांगतात. त्या अर्जाची पोच आम्हाला आणून द्या. निकाल मोकळा होईपर्यंत तुम्हाला यादीत घेता येत नाही, पण पोच असेल तर अर्ज उघडा ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक यादीच्या वेळी तपासतो.

केटी पाचव्या सत्राचीच होती आणि आता सुटली आहे, तर प्रश्न 11.

11. पाचव्या सत्रात एक विषय राहिला होता, नंतर सुटला. माझ्याकडे दोन गुणपत्रिका आहेत. कोणती जोडू?

दोन्ही. पहिलीवर बाकी विषयांचे मूळ गुण असतात, दुसरीवर सुटलेल्या विषयाचे नवे. बेरीज दुसरीवरून धरतो, पण आधीचे गुण पुढे बरोबर आले आहेत का हे पहिलीवरून बघतो. नापास लिहिलेली दाखवायची लाज वाटते म्हणून अनेक जण फक्त दुसरी जोडतात. यादी लावणाऱ्याला प्रयत्न किती लागले यात रस नसतो.

12. मी दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेतली आहे. माझ्या गुणपत्रिकेवर गुणच नाहीत, फक्त श्रेणी आहेत.

मग त्रुटीपत्रात गुणपत्रिकेसोबत ‘रूपांतर पत्र’ असंही लिहिलेलं असेल. प्रत्येक विद्यापीठाचं श्रेणीवरून टक्के काढायचं सूत्र वेगळं असतं. काहींनी ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, म्हणून तुमच्या बाबतीत मागची बाजू लागते (प्रश्न 3 मधली सवलत तुम्हाला नाही). छापलेलं नसेल तर तुमच्या विद्यापीठाचं, त्यांच्या शिक्क्याचं पत्र आणा. सूत्र आम्ही मनाने लावत नाही, प्रश्न 6 मधलं दहाने गुणायचं तर मुळीच नाही.

याशिवाय बाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाची पात्रता घ्यावी लागते आणि त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. ते या पत्राच्या मुदतीत नसलं तरी चालेल. गुणपत्रिका मात्र मुदतीतच हवी.

13. गुणपत्रिका हरवली आहे.

दुय्यम प्रत विद्यापीठाकडून मिळते. त्यासाठी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून, आधीच्या कॉलेजमार्फत अर्ज करावा लागतो. ती आठवड्यात हातात येईल या भरवशावर राहू नका. मुदतीसाठी आधीच्या कॉलेजच्या परीक्षा विभागातून, त्यांच्या गॅझेटवरून केलेलं विषयवार गुणांचं पत्र आणा, आणि सोबत दुय्यम प्रतीच्या अर्जाची पावती. हे आम्ही शिक्क्याच्या प्रिंटइतकंच धरतो.

जाता जाता एक. मिळालेल्या प्रतीला लॅमिनेशन करू नका. प्रेमाने लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिका आम्हाला रोज दिसतात. आमचं काम तिने अडत नाही, पण पुढे परदेशी जायचं ठरलं तर प्रमाणीकरणाचा शिक्का कागदावर मारावा लागतो, प्लास्टिकवर नाही.

14. पत्रात ‘मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी आणावी’ असंही आहे. ती तुम्ही ठेवून घेणार का?

नाही. मूळ कागद तुमच्यासमोर प्रतीशी ताडून पाहायचा आणि तिथेच परत द्यायचा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेत आहे. मूळ गुणपत्रिका संस्थेने ताब्यात ठेवू नये असंही त्यात स्पष्ट आहे. आमच्या खिडकीवर कुणी ‘राहू दे इथेच’ म्हणालं तर देऊ नका, आत येऊन सांगा.

15. पुनर्मूल्यांकनाला टाकलंय, गुण वाढणार आहेत. तोवर थांबू का?

थांबू नका. आज हातात असलेली गुणपत्रिका द्या आणि यादी त्या गुणांवर लागू द्या. गुण वाढले तर नवी गुणपत्रिका आणा, त्यानंतरच्या यादीत नवे गुण धरू. लागलेली यादी मागे जाऊन बदलत नाही. गुण कमी झाले तरी कळवायचं आहे. हमीपत्रातली तफावतीची ओळ तुम्हालाही लागू होते.

16. गुणपत्रिकेवर लग्नाआधीचं नाव आहे, अर्जात लग्नानंतरचं. म्हणून ती ‘आढळली नाही’ असं लिहिलंय का?

शक्य आहे. फाइल लावणाऱ्याला दोन वेगळी माणसं वाटली असतील. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत द्या. आणि अर्जातलं नाव गुणपत्रिकेप्रमाणेच ठेवा. एम.कॉम.ची पदवीही त्याच नावाने निघते, बदल करायचा तर तो वेगळा अर्ज आहे.

17. माझ्या मैत्रिणीला पत्र आलं, मला नाही. माझ्याही अर्जात गुणपत्रिका नव्हती. म्हणजे मी सुटले का?

नाही. पत्र कुठे गेलं ते शोधा. अर्ज सायबर कॅफेतून भरला असेल तर ईमेलच्या रकान्यात कॅफेवाल्याने बहुधा स्वतःचा पत्ता टाकला आहे. ओटीपी लवकर यावा म्हणून ते तसं करतात. एका वर्षी एकाच ईमेल पत्त्यावर आमची एकोणीस पत्रं गेली. तो बिचारा दुकानातल्या फळ्यावर नावं लिहून ठेवत होता, पण फळा पाहायला परत कोण जातं?

म्हणून त्रुटी असलेल्यांची यादी आम्ही अर्ज क्रमांकानुसार कार्यालयाबाहेरच्या फलकावरही लावतो. नावं त्यात नसतात, तेव्हा क्रमांक माहीत हवा. तो अर्जाच्या पोचवर पहिल्या ओळीत आहे. पोचही कॅफेतच राहिली असेल तर आधारकार्ड घेऊन खिडकी क्रमांक 2 वर या, साडेदहा ते एक किंवा दोन ते पाच. ईमेलचा पत्ता तिथेच बदलून मिळतो. पत्र मिळालं नाही म्हणून मुदत वाढत नाही, पण फलकावर तुमचा क्रमांक लागलेलाच नव्हता असं निघालं, तर ती आमची चूक आणि तुमची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजू.